प्रश्न ३: दूध संघाच्या संदर्भात उत्तरे लिहा

(अ) जबाबदारी केंद्रे
ज्याच्या हातात जे आहे, त्याचाच हिशेब त्याला मागायचा. पाश्चरायझेशन विभाग खर्च केंद्र, विक्री विभाग महसूल केंद्र; श्रीखंड-पनीर विभाग स्वतः दर ठरवत असेल तर नफा केंद्र, आणि यंत्रखरेदीचाही निर्णय घेत असेल तर गुंतवणूक केंद्र. दूध खरेदीदर संचालक मंडळ ठरवते. तो वाढला म्हणून प्लांट मॅनेजरला जाब विचारणे चुकीचे. नियंत्रणीय आणि अनियंत्रणीय खर्च वेगळे दाखवले नाहीत, तर सगळी पद्धतच कागदी ठरते.

(ब) बॅलन्स्ड स्कोरकार्ड
संस्थेची कामगिरी नुसत्या नफ्यावर न मोजता चार बाजूंनी मोजण्याचे हे तंत्र कॅप्लन व नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडले. आर्थिक, ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया, शिक्षण व वाढ असे चार दृष्टिकोन. कामगारांना प्रशिक्षण, त्यातून दूध नासणे कमी, त्यातून तक्रारी कमी, मग नफा, अशी साखळी हवी. नुसते चार रकाने भरणे म्हणजे स्कोरकार्ड नव्हे.

(क) शून्याधारित अंदाजपत्रक
पीटर पिर यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विकसित केले. गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के न वाढवता प्रत्येक खर्चाचे समर्थन शून्यापासून करायचे: प्रत्येक कामाचा खर्च व फायदा मांडणारे निर्णय संच, त्यांची क्रमवारी, मग निधीवाटप. दूध संकलन मार्गांना हे दरवर्षी लावणे वेळखाऊ. जाहिरात, प्रवास अशा ऐच्छिक खर्चांना मात्र चपखल.