सोसायटीत दरमहा केशकर्तन व त्वचानिगा शिबिर घेण्याबाबत प्रस्ताव

दिनांक: 3 जून 2025

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व समिती सदस्य,
व्यवस्थापकीय समिती

विषय: दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सोसायटीचा हॉल शिबिरासाठी मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

मी बी विंगमध्ये राहते आणि व्यवसायाने ब्युटिशियन आहे. आपल्याकडच्या अनेक ज्येष्ठांना जिना उतरून, रिक्षा करून पार्लरपर्यंत जाणे जमत नाही. वाकता येत नसल्याने पायाची नखे वाढतात, बुटात रुततात आणि चालणे आणखी कमी होते. मुख्यतः त्यांच्यासाठी हे शिबिर सुरू करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाकीच्या रहिवाशांचेही स्वागतच आहे.

वेळ सकाळी 9 ते दुपारी 1. पहिले शिबिर 13 जुलैला घेता येईल. पावसाळ्यात ओल्या चपलांमुळे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, म्हणून सुरुवात पायांच्या निगेपासून करू. केस कापण्याचे 100 रुपये, पायांच्या निगेचे 250 रुपये. 65 वर्षांवरील रहिवाशांना निम्मे. अंथरुणाला खिळलेल्यांकडे मी दुपारी घरी जाईन.

स्वच्छतेबाबत मी तडजोड करणार नाही. ब्लेड प्रत्येकाला नवे, तेही त्यांच्यासमोर उघडून. वापरलेल्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बीसारखा आजार पसरू शकतो. नखांची धातूची अवजारे ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढलेली असतील. पार्लरमधल्या निळ्या दिव्याच्या पेटीवर मी विसंबत नाही, ती स्वच्छ केलेली अवजारे ठेवण्यापुरतीच बरी. केसांना रंग लावायचा असेल त्यांनी दोन दिवस आधी माझ्याकडून कानामागे थोडा रंग लावून घ्यावा. खाज किंवा सूज आली तर रंग लावणार नाही, कितीही आग्रह झाला तरी.

मधुमेह असलेल्यांच्या पायाचे कुरूप किंवा घट्टे मी कापणार नाही. तिथे संवेदना कमी असते, जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही. त्यांना डॉक्टरांकडेच पाठवेन. मुरुमांच्या गोळ्या किंवा रेटिनॉलची क्रीम सुरू असेल तर वॅक्सिंग नाही, कारण त्वचा सोलवटते.

गोरे करण्याचे कोणतेही क्रीम शिबिरात नसेल. स्टेरॉइडची मलमे मनाने लावून चेहऱ्याची त्वचा पातळ आणि लाल झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत, फार वाईट वाटते. कसलीही उत्पादने विकणार नाही.

हॉलचे नियमाप्रमाणे भाडे व विजेचा खर्च मी भरेन. केस, कापूस गोळा करून हॉल पुसून देईन. वापरलेली ब्लेड जाड डब्यात बंद करून वेगळी देईन, म्हणजे सफाई कामगारांच्या हाताला इजा होणार नाही. समितीकडून हॉल, पाण्याची सोय, लिफ्टजवळच्या फलकावर सूचना आणि नावनोंदणीसाठी गेटवर एक वही, एवढेच हवे आहे.

सुरुवातीला तीन महिन्यांची परवानगी द्यावी. रहिवाशांची तक्रार आली तर समितीने शिबिर बंद करावे, माझी हरकत नसेल. येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती. अवजारे दाखवायला मी स्वतः येईन.

आपली विश्वासू,
सदनिकाधारक, बी-304