पाणी दोन दिवस बंद : फलकावर आणि घरच्या ग्रुपवर

ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर

ग्रामपंचायत कार्यालय, ता. अमळनेर, जि. जळगाव
जा. क्र. ग्रापं/पापु/47/2025
दिनांक : 28 जुलै 2025

जाहीर सूचना
विषय : जलकुंभाची स्वच्छता व मुख्य व्हॉल्व्ह बदलण्याच्या कामासाठी नळपाणीपुरवठा बंद ठेवण्याबाबत.

सर्व ग्रामस्थ व नळजोडणीधारकांना याद्वारे कळविण्यात येते की, पावसाळ्यात बोरी नदीकाठच्या उद्भव विहिरीत गढूळ पाणी आल्याने जलकुंभात गाळ साचला आहे. तसेच मारुती मंदिराजवळील मुख्य व्हॉल्व्हला गळती लागली आहे. आगामी कानबाई उत्सवानिमित्त गावात येणाऱ्या पाहुण्यांची संख्या विचारात घेऊन ही दोन्ही कामे उत्सवापूर्वी पूर्ण करण्यात येत आहेत.

गुरुवार, दि. 31 जुलै 2025 रोजी सकाळी 6.00 ते 8.00 या वेळेत, म्हणजे नेहमीपेक्षा अर्धा तास अधिक, पाणी सोडण्यात येईल. त्यानंतर शुक्रवार, दि. 1 ऑगस्ट अखेर पुरवठा पूर्णतः बंद राहील. ग्रामस्थांनी आवश्यक तेवढा साठा करून तो झाकून ठेवावा.

शुक्रवारी सकाळी 8.00 वाजता मारुती मंदिर व जिल्हा परिषद शाळेसमोर प्रत्येकी एक टँकर उभा राहील. प्रति कुटुंब चार हंडे याप्रमाणे पाणी देण्यात येईल. गुरांसाठी गावठाणातील हाळ गुरुवारी भरून ठेवण्यात येईल. तेथे कपडे अथवा वाहने धुण्यास मनाई आहे.

शनिवार, दि. 2 ऑगस्ट रोजी सकाळी 6.00 ते 7.00 या वेळेत सोडण्यात येणारे पाणी जलवाहिनी धुण्यासाठी असून ते पिण्यासाठी अथवा स्वयंपाकासाठी वापरू नये. जलसुरक्षकांमार्फत ओटी चाचणी घेऊन पाणी योग्य आढळल्यानंतर त्याच दिवशी सायंकाळी 5.00 ते 6.30 या वेळेत पिण्याचे पाणी सोडण्यात येईल. रविवार, दि. 3 ऑगस्टपासून पुरवठा नेहमीप्रमाणे सकाळी 6.00 ते 7.30 राहील.

नळास थेट विद्युत मोटार जोडल्याचे आढळल्यास मोटार जप्त करण्यात येईल. ग्रामस्थांनी सहकार्य करावे, ही विनंती.

ग्रामपंचायत अधिकारी  सरपंच

प्रत : जिल्हा परिषद शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, सूचनाफलक.

घरच्या ग्रुपवर, त्याच संध्याकाळी

राम राम मंडळी. दुपारी ऑफिसात बसून नोटीस मीच टाईप केली. फोटो खाली टाकतो, पण तो मोठा करून कोणी वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून घरापुरतं सांगतो.

गुरुवारी सकाळी 8 नंतर नळ बंद. शुक्रवार पूर्ण बंद. शनिवारी सकाळी पाणी येईल, पण ते पिऊ नका. पिण्याचं शनिवारी संध्याकाळी 5 ला.

कानबाई रविवारी, म्हणजे रोटाला पाण्याची अडचण नाही. काळजी शुक्रवार-शनिवारची आहे.

मोठमाय, गोधड्या अजून धुवायच्या राहिल्या असतील तर उद्या नागपंचमी झाली की बुधवारी उरकून टाका. गुरुवारवर ठेवू नका. गुरुवारचं पाणी फक्त भरून ठेवायचं. मागच्या खोलीतले दोन्ही ड्रम आणि रांजण मी आदल्या रात्री घासून ठेवतो. रंग दिलेला बारका ड्रम घेऊ नका, त्याचा वास जात नाही.

सुरतवाले आणि पुणेवाले, तुमचं नीट ऐका. शुक्रवारी रात्री येणारे 11 जण आहेत. माणशी 5 लिटर पिण्या-स्वयंपाकाचं धरलं तरी 55 लिटर झाले. म्हणून अमळनेरहून 20 लिटरचे तीन जार मी सांगून ठेवतो. अंघोळीचं मात्र त्यात बसत नाही. शनिवारी सकाळचं पाणी अंघोळीला, भांड्यांना, ओटा धुवायला चालेल. पहिली दहा मिनिटं तांबूस येईल, ते मोरीत सोडून द्या. ज्यांना जमेल त्यांनी सरळ शनिवारी दुपारी या, तुमचाही जीव सुखात आणि आमचाही.

टँकरवर चार हंडे मिळतील. नोटिशीत "प्रति कुटुंब" आहे, आणि आपलं रेशनकार्ड एकच आहे. तीन चुली म्हणून तीनदा रांगेत उभं राहू नका, यादी माझ्याच हातात राहणार आहे.

- मोठमाय : पानी नही ते रोट कसा व्हई रे भाऊ?

मोठमाय, रविवारी पाणी आहे! शुक्रवारी नाही. गहू निवडायचं, दळायचं काम तुम्ही शनिवारी करताच, त्याला पाणी लागत नाही. पुरणाची डाळ मात्र शनिवारी संध्याकाळचं पाणी आल्यावरच भिजवा.

- सुरतचे जिभाऊ : टाकी आखाजीच्या आधी धुतली ना? परत काय धुता, पैसे जास्त झाले का पंचायतीकडे?

जिभाऊ, धुतली होती, खरं आहे. पण पहिल्या पुरात विहिरीत नदीचं पाणी शिरलं. मी स्वतः वर चढून पाहिलं, तळाला वीतभर गाळ आहे. खरं तर जूनमध्येच व्हॉल्व्ह बदलायला हवा होता, ते काम आता निघालं. हे नोटिशीत लिहीत नसतात.

- पुण्याची ताई : पावडरचं पाणी लेकरांना द्यायचं का? मागच्या वेळी फार वास येत होता.

ताई, टाकी धुतल्यावर टीसीएल पावडरचं दाट पाणी भिंतींना लावतात आणि मग ते सोडून देतात. तेच शनिवारी सकाळी नळातून जातं, म्हणून पिऊ नका म्हटलं. संध्याकाळच्या पाण्याची जलसुरक्षक ओटी चाचणी करेल : दोन थेंब टाकले की पाणी फिकट पिवळं व्हायला पाहिजे. नाहीच झालं तर मी इथेच कळवीन. वास थोडा राहील. उघड्या पातेल्यात तासभर ठेवलं की कमी होतो. बारक्यासाठी उकळून दे.

- धाकटी काकू : मग कानबाईच्या कलशात नळाचं पाणी कसं घालायचं?

काकू, ते मला विचारू नका, मोठमायला विचारा. मळ्यातल्या विहिरीचं एक हंडाभर बाजूला काढून ठेवतो, तेवढ्याने तुमच्यात भांडण नको.

- सुरतचे जिभाऊ : मोटार लावली तर खरंच जप्त करशील का रे?

जिभाऊ, मागच्या गल्लीतली मोटार आपलीच आहे हे गावाला माहीत आहे. मी बुधवारीच काढून माळ्यावर टाकतोय. नोटिशीवर सही सरपंचांची असली तरी टायपिंग माझं आहे.

आता शुक्रवारी येणाऱ्यांनी फक्त "शुक्रवार" लिहा, बाकीच्यांनी काही लिहू नका. मला जारचा आकडा बुधवारी दुपारपर्यंत सांगायचा आहे. अंगठे पाठवू नका, अंगठ्यावरून कोण येणार ते कळत नाही.

- पुण्याची ताई : शुक्रवार. 4 जण.
- धाकटी काकू : 👍