एमडीएस प्रवेश: सप्टेंबर ते जानेवारीची उजळणी

छोटे, पेपर २४० प्रश्नांचा; बरोबरला ४, चुकीला उणे १. तुक्के नकोत.

सप्टेंबर-ऑक्टोबर: सकाळी ओपीडीआधी बेसिक, रात्री त्याचंच क्लिनिकल. ट्रायजेमिनल नर्व्ह वाचलीस की त्याच दिवशी ओरल सर्जरीतले नर्व्ह ब्लॉक. डेंटल मटेरियल्ससोबत प्रोस्थो, फार्माकोलॉजीतल्या अँटिबायोटिक्ससोबत एन्डो. सुटं पाठ केलेलं बायोकेमिस्ट्री तुझं टिकत नाही, मला माहीत आहे.

नोव्हेंबर-डिसेंबर: पेरिओ, पेडो, ऑर्थो. सेफॅलोमेट्रीचे कोन रोज लिहून काढ. बेसिकला तासभर तरी द्यायचाच.

जानेवारी: रविवारी तीन तासांची पूर्ण टेस्ट, सोमवारी फक्त चुका. पब्लिक हेल्थचे इंडेक्स आत्ता. आधी केले तर विसरशील.

शनिवारी रात्री सराफ्यात खायला जाणं बंद. रविवारी टेस्टनंतर मी नेईन.

– ताई, इंदूर