अंतिम अहवाल व निधी विनियोग निवेदन : पाझर तलावातील गाळ काढणे, माण तालुका, जि. सातारा

मा. विश्वस्त महोदय,

आपण मंजूर केलेल्या ४,८०,००० रुपयांपैकी ३,५२,००० रुपये पोकलेनचे भाडे व डिझेल यांवर आणि १,१६,५०० रुपये सांडव्याच्या दुरुस्तीवर खर्च झाले असून, शिल्लक ११,५०० रुपये धनादेशाने परत करीत आहोत. प्रस्तावात ६,००० घनमीटर गाळ काढण्याचे कबूल केले होते. प्रत्यक्षात ६,२०० घनमीटर निघाला व ४३ शेतकऱ्यांनी तो स्वखर्चाने ट्रॅक्टरने नेऊन मुरमाड रानात पसरला. वळवाच्या पावसाने काम नऊ दिवस थांबले, त्यामुळे सांडव्याचे पिचिंग जूनअखेर पूर्ण झाले. तलावाखालच्या ज्या विहिरीत पूर्वी फेब्रुवारीतच तळ दिसे, तिथे यंदा एप्रिलमध्ये दोन परस पाणी होते, हे नमूद करताना आम्हांला मनापासून समाधान वाटते. लेखापरीक्षित हिशेब, मोजमाप वही व पावत्या सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू,
सचिव, पाणलोट समिती