सीनियर सॉफ्टवेअर टेस्टर: टेस्ट ऑटोमेशन, डिफेक्ट प्रिव्हेन्शन आणि रिलीजची जबाबदारी

सबस्क्रिप्शन बिलिंग आणि ऑनलाइन पेमेंटच्या प्रॉडक्टवर ७ वर्षं टेस्टिंग करते आहे. त्यातली शेवटची ४ वर्षं ऑटोमेशन आणि रिलीजची तयारी माझ्याकडे आहे. किती टेस्ट केसेस लिहिल्या, हा आकडा इथे मुद्दाम दिलेला नाही. एका लॉगिन स्क्रीनच्याच साठ केसेस होऊ शकतात, आणि तरीही ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातील का, हे तपासायचं राहून जातं.

कोड लिहिण्याआधी

स्टोरी हातात घेण्याआधी प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि मी एकत्र बसतो. पेमेंट रिट्रायच्या स्टोरीत एवढंच लिहिलं होतं: ‘पेमेंट फेल झालं तर ग्राहकाला पुन्हा प्रयत्न करता यावा.’ मी विचारलं, गेटवेकडे पैसे कापले गेले, पण उत्तर यायच्या आत आपल्याकडेच टाइमआउट झाला, तर ते फेल धरायचं का? त्यावर डिझाइन बदललं. ‘पेंडिंग’ ही वेगळी स्थिती आली, प्रत्येक पेमेंट रिक्वेस्टला `Idempotency-Key` आली, आणि तीच की पुन्हा आली की सर्व्हर नवं डेबिट न करता पहिलंच उत्तर परत देऊ लागला. हा बग कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसणार नाही, कारण तो कोडमध्ये आलाच नाही. माझ्या कामातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

बिलिंगच्या तारखांचंही तसंच. ३१ जानेवारीला सुरू झालेल्या प्लॅनचं फेब्रुवारीचं बिल कधी निघणार, आणि मार्चमध्ये तारीख पुन्हा ३१ वर जाणार की २८ वरच अडकणार? अशी उदाहरणं आता आमच्या स्टोरीतच लिहिलेली असतात आणि डेव्हलपर त्यांवरूनच युनिट टेस्ट लिहितात. प्रोडक्शनमध्ये एखादा बग गेलाच, तर तो सर्वात आधी कुठे पकडता आला असता हे आम्ही शोधतो आणि तपासणी त्या टप्प्यावर नेतो.

ऑटोमेशन

प्लेराइट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये फ्रेमवर्क उभं केलं; त्याआधी जावा आणि सेलेनियमवर काम केलं आहे. जुना सूट जवळजवळ पूर्ण यूआयवरून चालायचा. रोज सकाळी काहीतरी लाल असायचं आणि खरा बग असला तरी ‘पुन्हा रन करून बघा’ असंच उत्तर मिळायचं. कर, कूपन आणि प्रोरेटाचे हिशेब मी डेव्हलपरांच्या मदतीने युनिट आणि एपीआय पातळीवर नेले. यूआयवर फक्त साइनअप, खरेदी, अपग्रेड आणि रद्द करणं हे प्रवास ठेवले. `waitForTimeout` काढून स्क्रीनच्या खऱ्या स्थितीची वाट पाहायला लावलं. प्रत्येक टेस्ट स्वतःचा डेटा स्वतः तयार करते. फ्लेकी टेस्ट बाजूला काढली जाते, पण कोण आणि कधीपर्यंत दुरुस्त करणार हे ठरवूनच.

हाताने दोन दिवस चालणारं रिग्रेशन आता पाइपलाइनमध्ये ३५ मिनिटांत होतं, आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टवर स्मोक टेस्ट आपोआप चालते. वाचलेला वेळ एक्सप्लोरेटरी टेस्टिंगला जातो, आणि मशीनला न सुचणाऱ्या गोष्टी तिथेच सापडतात.

रिलीज

महिन्यातून एकदा होणारी रिलीज आठवड्यावर आली. हे पूर्ण टीमचं काम. माझा वाटा म्हणजे वरचं ऑटोमेशन आणि प्रत्येक रिलीजआधीची एका पानाची रिस्क नोट. काय बदललं, काय तपासलं, काय तपासलं नाही व का, आणि काय दिसलं तर रोलबॅक करायचा, एवढंच त्यात असतं.

एका रिलीजला सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, तरी मी थांबायला सांगितलं. प्रोडक्शनएवढ्या डेटावर मायग्रेशनची तालीम केली तेव्हा इन्व्हॉइसचं टेबल लॉक होऊन नवी बिलं अडकत होती. टेस्ट डेटाबेस लहान असल्यामुळे तिथे ते दिसलं नव्हतं. डेव्हलपरांनी मायग्रेशनचे टप्पे पाडले: आधी रिकामा कॉलम, मग थोड्या थोड्या ओळी भरणं, शेवटी कन्स्ट्रेंट. रिलीज दोन दिवस उशिरा गेली, पण बिलिंग एक क्षणही बंद पडलं नाही.

नवं फीचर आम्ही फ्लॅगमागे, आधी थोड्या ग्राहकांना देतो. त्या काळात पेमेंटचा सक्सेस रेट आणि एरर लॉग मी स्वतः पाहते.

टूल्स

प्लेराइट, सेलेनियम, पोस्टमन, जेमीटर, एसक्यूएल, गिट, जेनकिन्स, डॉकर, जिरा. आयएसटीक्यूबी फाउंडेशन लेव्हल प्रमाणपत्र.

पुढची भूमिका

रिक्वायरमेंटच्या चर्चेत टेस्टरला पहिल्यापासून बसवणाऱ्या टीममध्ये लीड म्हणून काम करायचं आहे. पेमेंट, बिलिंग किंवा जिथे आपल्या चुकीची किंमत ग्राहकाला मोजावी लागते असं कुठलंही प्रॉडक्ट चालेल. मुलाखतीत फ्रेमवर्कची रचना फळ्यावर काढून दाखवेन, आणि तुमच्याच एखाद्या स्टोरीवर प्रश्न विचारायलाही तयार आहे. रुजू व्हायला ६० दिवस लागतील.