‘काय करतेयस?’ला देवगडहून गेलेलं उत्तर

तो: काय करतेयस?

ती: ‘काही नाही, तू?’ असं लिहिणार होते. मग तूही ‘काही नाही’ म्हणाला असतास, मी एक हसरा चेहरा टाकला असता आणि साडेनऊला दोघंही घोरत पडलो असतो. आज तो बेत रद्द.

माजघरात मांडी ठोकून बसलेय. समोर आढी. खाली पेंढा, त्यावर आंबे, परत पेंढा, परत आंबे. लाइट गेलीय, त्यामुळे एका हातात बॅटरी. केस वर बांधलेत ते पेन्सिलीने, कारण क्लिप सापडली नाही. केसांत पेंढा आहे आणि मनगटाला हापूसचा वास येतोय, धुतला तरी जात नाही. (हे तुला मुद्दाम सांगतेय.)

काम काय, तर पिकलेले वेचून बाजूला काढायचे. आजी बाजूला बसून लक्ष ठेवतेय. तिचा नियम एकच, आंबा दाबून बघायचा नाही. ‘बोटान चेपू नको गो, वास घे.’ अंगठा लागला की तिथे डाग धरतो. म्हणून एकेक उचलायचा, देठाशी नाक न्यायचं, डोळे मिटायचे आणि ठरवायचं. तुझा मेसेज आला तेव्हा डोळे मिटलेलेच होते. फोन वाजला, मी हसले, आणि आजी म्हणाली, ‘कोणाचो गो?’

मी म्हटलं, बँकेचा.

आता बँकेच्या मेसेजला इतकं हसणारी मुलगी अख्ख्या सिंधुदुर्गात नसेल, हे तिलाही कळतं.

तो: 😂 बँक काय म्हणतेय मग?

ती: बँकेला बोलता येत नाही हाच तर घोळ आहे. ऐक. झाडावरून आंबा पुरता पिकल्यावर काढत नाहीत, चौदा आणे तयार झाला की उतरवतात. उरलेले दोन आणे आढीत, ऊब धरून. तुझं माझ्याशी बोलणं अजून चार आण्यांवर अडकलंय. ‘जेवलीस का’, ‘झोपलीस का’, ‘काय करतेयस’. एवढ्या कच्च्यावर मी काय करू, लोणचं घालू?

आणि तू असा नाहीयेस, हे मला माहितेय. रत्नागिरीत त्या हळदीला मी सोलकढी वाढत होते. तू वाटी पुढे केलीस. मग परत एकदा पुढे केलीस. मी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला गेले तर तिथेही तूच बसलेला. तुझ्या बहिणीने नंतर सांगितलं की तुला सोलकढी अजिबात आवडत नाही, लहानपणापासून नाक मुरडतोस.

वाटीभर न आवडणारं पिऊन माझ्याकडे बघून ‘छान झालीय’ म्हणणारा माणूस कुठे गेला? मला त्याच्याशी बोलायचंय.

तो: बहिणीला मी बघतो. आणि छान सोलकढीला म्हटलंच नव्हतं.

ती: हां. हे झाले आठ आणे.

(बॅटरी पडली हातातून. आजी बघतेय. थांब.)

तो: अजून विचार काहीतरी. आता बोलतो नीट.

ती: विचारत नाही, सांगते. दोन आंबे तुझ्या नावाने वेगळे काढलेत, वरच्या कोपऱ्यात, पेंढ्याखाली. पेटीत घालून पाठवणार नाही, ते इथेच बसून खायचे. सुरी मिळणार नाही. कोपरापर्यंत रस ओघळला पाहिजे आणि तुझ्याजवळ रुमाल नसला पाहिजे. पुढचं मी बघेन.

नंतर कुणकेश्वरला जाऊ, ओहोटी असेल तेव्हा. देवळामागच्या वाळूत चालताना तू माझा हात धरायचा की नाही यावर डोकं खाजवत बसशील, आणि मी तुला अजिबात मदत करणार नाही. फार तर चपला त्या बाजूच्या हातात धरणार नाही.

1 जूनपासून मासेमारी बंद. त्याआधी आलास तर ताजी सुरमई, नंतर आलास तर सुकट आणि माझे टोमणे.

तो: कोकणकन्या बघतोय. वेटिंग 87.

ती: मे महिन्यात कोकणात यायचं आणि आज तिकीट बघायचं! मुंबईकर शोभतोस.

स्लीपरचं तत्काळ सकाळी अकराला उघडतं. उद्या काढ, परवा रात्री बस, तेरवा सकाळी कणकवलीला उतर. पुढे देवगडची एसटी. स्टँडवर मी असेन, पण उगाच आल्यासारखी. कोणी विचारलं तर काकूचं पार्सल घ्यायला आलेय.

तो: आणि तिकीट नाही मिळालं तर?

ती: तर खासगी बस. उभा राहून ये.

तो: तोवर थांबशील?

ती: पिकायला आलेत, पण थांबतील तेरवापर्यंत.

आंबे म्हणतेय मी.