उचल

रात्री अकराच्या चहाला मी खिशातून पहिलं कार्ड काढतो. आमच्या शेडमध्ये चहाला माग थांबत नाहीत. शेजारच्या मागवाल्याला हाताने खूण करायची, तो माझे सहा आणि स्वतःचे सहा असे बारा माग दहा मिनिटं बघतो, मग मी त्याचे बघतो. त्या दहा मिनिटांत चहा, बिडी, तोंड धुणं, घरी फोन, ज्याला जे जमेल ते. मला कार्ड जमतं.

कार्ड म्हणजे लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. इचलकरंजीत लग्नसराईत पत्रिकांना तोटा नाही. शेडमधल्या प्रत्येकाच्या घरून मागून आणल्या आणि कात्रीने खिशाच्या मापाचे तुकडे केले. एका बाजूला गणपती, नाहीतर अर्धंमुर्धं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', दुसऱ्या बाजूला माझं बॉलपेन. 'भागीदारी संस्थेचे विसर्जन' हा धडा जिथे उतरवलाय, त्याच्या पाठीवर वधूवरांची नावं आहेत. मी मुद्दाम केलं नाही, पण जॉबरमामा ते कार्ड मागून घेऊन सगळ्यांना दाखवतात.

बारावी सतरा नंबर फॉर्म भरून देतोय, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. बाकीचे विषय कसेतरी निघतील. पुस्तपालन आणि लेखाकर्माच्या ८० मार्कांच्या पेपरची मात्र मला भीतीही वाटते आणि गोडीही. गोडी अण्णांमुळे लागली. अण्णा आमचे दिवाणजी. मी दोन वर्षांपूर्वी सहज विचारलं, की वहीत माझं नाव डाव्या बाजूला का लिहिता. ते म्हणाले, "तू घेतलंस म्हणून. घेणाऱ्याच्या नावं, देणाऱ्याचं जमा." एवढंच, आणि पुन्हा मीटरच्या आकडेमोडीत गेले. मला ते वाक्य मागाच्या ठोक्यावर बसल्यासारखं बसलं. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा. येणाऱ्याचे नावे, जाणाऱ्याचे जमा. सहा माग एकदम चालू असले की कुठलंही वाक्य पाठ होतं, फक्त त्याला ठेका पाहिजे.

त्या रात्री पहिलं कार्ड हुंडीचं निघालं. १२ मेची तीन महिन्यांची हुंडी, वर सवलतीचे तीन दिवस, म्हणजे १५ ऑगस्ट. त्या दिवशी सुट्टी, म्हणून देय तारीख १४ ऑगस्ट. हे मला फार आवडतं. देणेकऱ्याला वाटतं सुट्टीमुळे एक दिवस सुटला, आणि कायदा त्याला एक दिवस आधीच धरतो.

दुसरं कार्ड 'उचल'चं. मालकाने धंद्यातून घरखर्चासाठी काढलेली रक्कम म्हणजे उचल, ती भांडवलातून वजा करा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलोच होतो. आमच्याकडे उचल मालक घेत नाही, कामगार घेतो. मी गेल्या पाडव्याआधी घेतली, १८,००० रुपये, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. आठवड्याला ३०० कापून जातात. मालकाची उचल त्याच्या भांडवलातून जाते आणि माझी माझ्या पगारातून, शब्द मात्र तोच. परीक्षेत हे लिहायचं नसतं.

सरावासाठी मी एका कार्डावर माझंच खातं मांडलंय. दर आठवड्याला एक ओळ.

एक वाजता किटली पुन्हा आली, तेव्हा घडीच्या खोलीत दिवा दिसला. दुसऱ्या दिवशी पगार. उशीर झाला की अण्णांची शेवटची एसटी चुकते आणि ते तिथेच घडी घातलेल्या कापडाच्या थप्पीवर आडवे होतात. पण ते जागे होते. मी त्यांचा कप घेऊन आत गेलो. दार लावलं की ठोका जरा लांब जातो.

"झोपला न्हाईसा अण्णा?"

"झोपतोय कुठला. तेरीज जुळंना. मालक सकाळी सातला येणार." चष्मा कपाळावर, समोर तीन वह्या, आणि कोनाच्या खोक्याच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरात ३,६०० लिहून खाली दोन रेघा. "अठराशेची नोंद चुकीच्या बाजूला गेलीय का बघून झालं. न्हाई गेली. कामगारांच्या खात्यांच्या बेरजा दोनदा मारल्या."

मागे एकदा फरक सापडला नव्हता, तेव्हा तो अण्णांच्या पगारातून गेला होता. हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. अण्णा कधी बोलत नाहीत.

"माझी बाकी किती दिसतीया?" मी उगाच विचारलं.

त्यांनी न बघता सांगितलं, "उद्याचं कापून बारा हजार तीनशे."

मी कप ठेवला आणि बाहेर आलो.

माझ्या कार्डावर उद्याचं कापून १५,९०० येत होते. १८,००० मधून सहा आठवड्यांचे १,८०० गेले, राहिले १६,२००. वहीचं पान संपलं असणार, आणि 'मागील पानावरून' लिहिताना १६,२०० चे झाले १२,६००. फरक ३,६००. नऊने भागा, ४००, बाकी शून्य. 'फरकास ९ ने पूर्ण भाग जात असल्यास आकड्यांची अदलाबदल तपासा.' हे कार्ड खिशात होतं. काढायची गरज पडली नाही.

तीन हजार सहाशे म्हणजे बारा आठवड्यांची कपात. मी मागांवर गेलो. चार नंबरची तार तुटली, जोडली. पाचचा धोटा रिकामा, कांडी भरली. बारा आठवडे. मालकाला कळणार नाही, अण्णांनाही बहुतेक नाहीच, डोळे थकलेत त्यांचे. मग पुन्हा चार नंबर. मी काही साधू नाही, खरं सांगायचं तर त्या तीन तासांत मी ते पैसे दोनदा खर्च करून टाकले. एकदा मुलीच्या दप्तरावर आणि बुटांवर, एकदा नुसतेच. पण डोक्यात ठोक्याबरोबर सोळा-दोन, बारा-सहा, सोळा-दोन, बारा-सहा चालू झालं आणि ते काही केल्या थांबेना. न जुळलेली तेरीज दुसऱ्याची असली तरी खाजवते. हा रोग त्या म्हाताऱ्यानेच मला लावला होता.

चारच्या चहाला मी आत गेलो आणि माझ्या खात्याचं कार्ड त्यांच्या वहीवर ठेवलं.

"नऊनं भाग जातोय अण्णा."

त्यांनी चष्मा खाली ओढला. कार्ड वाचलं. मग वहीत बोट फिरवत माझ्या पानावर आले, एक पान मागे गेले, पुन्हा पुढे. बराच वेळ काही बोलले नाहीत. लाल पेन काढलं, १२,६०० वर एकच सरळ रेघ मारली, वर १६,२०० लिहिलं आणि बाजूला बारीक सही केली.

"तूबी कर. तुझ्या अंगावर वाढतंय."

मी सही केली. त्यांनी बेरीज मारली, ओठ हलत होते. जुळली. खोक्याच्या तुकड्यावरचे ३,६०० त्यांनी खोडले नाहीत, तुकडाच चार घड्या करून खिशात घातला.

"कपात तीनशेचीच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मालकास्नी सांगतो."

मग माझं कार्ड परत द्यायला उचललं आणि सवयीने उलटं केलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण मला आठवलं. कोपऱ्यात अर्धा गणपती, त्याखाली सोनेरी अक्षरात त्यांच्या थोरलीच्या लग्नाची तारीख, आणि निमंत्रकांची ओळ कात्रीने मधोमध गेलेली.

अण्णांनी ते दिव्याजवळ धरलं.

"माझं नाव अर्धं कापलंयस की रं."

"उरलेलं दुसऱ्या कार्डावर आहे," मी म्हणालो. "घसाऱ्याच्या."

ते हसायला लागले तेवढ्यात बाहेरून शेजाऱ्याची शिट्टी आली. माझे दोन माग बंद पडले होते.